तोंडी ऑफर आली, आता कागद कसा मागू?

*सीनियर ॲनालिस्टच्या जागेसाठी तीन फेऱ्या झाल्या आणि शुक्रवारी संध्याकाळी होणाऱ्या मॅनेजर मॅडमचाच फोन आला. “तुमची निवड झाली आहे, सध्याच्या पगारावर २० टक्के वाढ देऊ, महिन्याभरात या,” म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की मी काय बोलले तेही नीट आठवत नाही. शनिवारी एचआरचा मेसेज आला : “तुमचं फायनल समजू ना? हो म्हणालात की ऑफर लेटर काढतो.” मला ही नोकरी हवीच आहे. पण माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे आणि हातात कागद नसताना हो म्हणायची भीती वाटते. लेखी मागितलं तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल का? नेमकं काय लिहू? आणि आत्ताच्या ऑफिसात कधी सांगू?*

*— एक पाय उंबऱ्याबाहेर*

एचआरच्या मेसेजला अजून उत्तर दिलं नसेल तर आजच द्या. तुमच्या बाजूने गप्प राहण्याचे दिवस वाढले की समोरच्याला तुमचा रस कमी झाल्यासारखं वाटू लागतं, आणि तुमच्या बाबतीत ते खरं नाही. मी १४ वर्षं नोकरभरतीचं काम केलं आहे. त्या अनुभवावरून सांगते, आनंद दाखवणं आणि कागद मागणं ही दोन्ही कामं एकाच उत्तरात करता येतात. फक्त त्यांचा क्रम नीट लावावा लागतो.

आधी एचआर “हो म्हणा, मग पत्र काढतो” असं का म्हणतं ते समजून घ्या, कारण त्यात डाव असतोच असं नाही. ऑफर लेटर एका बटणावर निघत नाही. ज्या विभागात जागा आहे तिथल्या प्रमुखाची मंजुरी, पगाराच्या आकड्याला वित्त विभागाची मंजुरी, कधी त्याच्याही वरची एखादी सही, असा तो प्रवास असतो. एवढं सगळं करून उमेदवार नाही म्हणाला तर सगळी मेहनत वाया जाते आणि पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागतं. म्हणून पत्राला हात घालण्याआधी एचआरला जाणून घ्यायचं असतं की हा माणूस येण्याची शक्यता कितपत आहे. त्यांना हवी असते ती ही खात्री, आणि ती तुम्ही मनमोकळेपणाने देऊ शकता. तुमचा अंतिम होकार मात्र त्याहून वेगळा आहे. तो कागद वाचल्यावरचा.

यात दुसरीही एक गोष्ट दडलेली आहे. मॅडमनी फोन केला तेव्हा मंजुऱ्या पूर्ण झाल्या होत्या की नव्हत्या, हे तुम्हाला माहीत नाही. कदाचित त्यांनाही नसेल. माझ्या या कामातल्या दुसऱ्याच वर्षी मी एका उमेदवाराला मॅनेजरने सांगितलेला आकडा फोनवर सांगितला. मंजुरी यायची होती, पण ती येणारच असं मी धरून चालले होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. आठवड्याने मंजुरी आली ती कमी आकड्याची आणि एक पायरी खालच्या पदाची. कोणीही खोटं बोललं नव्हतं. तरी नुकसान झालं ते एकट्या त्यांचं, कारण त्यांच्या जुन्या जागेवर तोवर दुसरं कोणी ठरलं होतं. ते कमी पगारावर रुजू झाले. माझा तो फोन घाईचा होता, आणि त्यानंतर मी कुठल्याही उमेदवाराला “कागद हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नका” हे स्वतःहून सांगू लागले. तेव्हा लेखी मागणं हा मॅडमच्या शब्दावरचा अविश्वास नाही. त्या शब्दामागे ज्या सह्या लागतात त्या झाल्या आहेत का, एवढंच तुम्ही विचारताय. चांगल्या एचआरला हा प्रश्न रोजचा असतो.

कायद्याचंही थोडक्यात सांगते. अनेक देशांत तोंडी करारही करार मानला जातो, त्यामुळे “फोनवरचं बोलणं म्हणजे काहीच नाही” असं समजू नका. पण उद्या मतभेद झाला तर फोनवर काय ठरलं होतं ते सिद्ध करणं फार अवघड जातं. हीच गोष्ट उलट बाजूनेही लागू होते. तुम्ही लेखी मेसेजमध्ये नुसतं “हो, फायनल” असं लिहिलंत, तर तुमच्या बाजूचा होकार लेखी झाला आणि त्यांच्या बाजूच्या अटी मात्र हवेतच राहिल्या. म्हणून त्या मेसेजला एका शब्दाचं उत्तर नको.

आता त्या २० टक्क्यांकडे या, कारण तुमच्या प्रकरणातली सगळ्यात नाजूक जागा ती आहे. कशाच्या २० टक्के? समजा आज तुम्हाला महिन्याला १०० मिळतात आणि ते सगळे फिक्स्ड आहेत, म्हणजे ठरलेले. नवी कंपनी एकूण १२० देते आहे, पण त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे २४, व्हेरिएबल आहे. तो वर्षाअखेरीस, तुमची आणि कंपनीची कामगिरी पाहून मिळणार. मग दर महिन्याला नक्की मिळणारा पगार उरला ९६. फोनवर “२० टक्के वाढ” हे शब्द खरेच होते, आणि तरी दर महिन्याला ४ कमी. वर्षाच्या मध्यावर रुजू झालात तर पहिल्या वर्षीचा व्हेरिएबल बहुधा तेवढ्याच महिन्यांचा मिळेल, आणि काही ठिकाणी ठरावीक तारखेनंतर आलेल्यांना त्या वर्षी तो मिळतच नाही. मॅडम काही लपवत होत्या असं मी म्हणत नाही. मॅनेजर लोक बहुतेक वेळा एकूण पॅकेजच्या भाषेत बोलतात आणि उमेदवार हातात येणाऱ्या पगाराच्या भाषेत ऐकतो. दोघंही प्रामाणिक असतात आणि दोघांच्या डोक्यात दोन आकडे असतात.

दुसरा सांधा जुळत नाहीये तो तारखेचा. त्या म्हणाल्या महिन्याभरात या, तुमचा नोटीस पिरियड ६० दिवसांचा. आनंदाच्या भरात हे फोनवर निघालं नसेल तर आता निघालंच पाहिजे, पत्र यायच्या आधी. नाहीतर पत्रात महिन्यानंतरची तारीख छापून येईल, आणि मग ती बदलून मागताना तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. त्या थांबतील का, की नोटीसचे उरलेले दिवस पैसे भरून सोडवायचे, आणि तसं असेल तर ते पैसे कोण भरणार, हे विचारायला हवं. “ते आम्ही बघू” असं कोणी म्हणालं तर तेही पत्रात यायला हवं.

गंमत म्हणजे अडचण वाटणारा हा नोटीस पिरियडच तुम्हाला कागद मागायला सगळ्यात सरळ कारण देतो. तुम्ही राजीनामा दिल्याशिवाय ते ६० दिवस मोजायला सुरुवात होत नाही. पत्र आल्याशिवाय तुम्ही राजीनामा देणार नाही. म्हणजे पत्राला जितके दिवस लागतील, तितके दिवस तुमचं येणं पुढे जाईल. त्यांना तुम्ही लवकर हव्या आहात, मग पत्राची घाई आपोआप त्यांचीही होते. तुम्हाला विश्वास-अविश्वासाचा विषय काढावाच लागत नाही, तारखेचा काढला की पुरे.

उत्तर मेलने द्या, मेसेजवर नको. मेसेजवर फक्त एवढंच : “खूप आनंद झाला आहे, सविस्तर मेल आत्ताच पाठवते आहे.” मेल एचआरला लिहा आणि मॅडमना प्रतीत ठेवा. म्हणजे आकड्याबद्दल त्या दोघांचं आपसातलं बोलणंही तिथेच जुळेल. मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं :

“नमस्कार,

शुक्रवारी मॅडमचा फोन आला आणि निवडीची बातमी ऐकून मनापासून आनंद झाला. तिसऱ्या फेरीत नव्या टीमची घडी कशी बसवायची यावर जे बोलणं झालं, तेव्हापासूनच हे काम करायची इच्छा होती.

फोनवरून मला समजलेलं असं : पद सीनियर ॲनालिस्ट, काम मॅडमच्या टीममध्ये, सध्याच्या पगारावर २० टक्के वाढ, आणि शक्य तितक्या लवकर रुजू होणं. यात काही चुकलं असेल तर कृपया दुरुस्त करावं. ही वाढ फिक्स्ड पगारावर आहे की एकूण पॅकेजवर, तेवढं कळवलंत तर चित्र स्पष्ट होईल.

माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे आणि तो राजीनामा दिल्यापासून मोजला जातो. लेखी ऑफर मिळाल्यावर मी दोन कामकाजाच्या दिवसांत उत्तर देईन आणि सही झाल्यावर राजीनामा देईन. त्यामुळे पत्र जितकं लवकर येईल तितकी रुजू होण्याची तारीख अलीकडे आणता येईल. पत्रात पद, पगाराची फिक्स्ड आणि व्हेरिएबल विभागणी, रुजू होण्याची तारीख, कामाचं ठिकाण, प्रोबेशन आणि नोटीस यांचा उल्लेख असावा, ही विनंती.

आपलं जे बोलणं झालं त्याप्रमाणे अटी पत्रात आल्या, तर ही जबाबदारी घ्यायला मी उत्सुक आहे.”

तिसऱ्या फेरीबद्दलचं वाक्य माझं आहे, तिथे तुमच्या मुलाखतीतली खरी गोष्ट घाला. नुसतं “आनंद झाला” कोणीही लिहितं. कशामुळे झाला ते लिहिलंत की वाचणाऱ्याला पटतं. एवढं एक वाक्य खरं असलं की पुढच्या सगळ्या मागण्या त्याच उबेत वाचल्या जातात.

मेलमध्ये एक शब्द मी जाणूनबुजून टाळला आहे, तो म्हणजे “पण”. “खूप आनंद झाला, पण पत्र मिळाल्याशिवाय काही सांगता येणार नाही” असं लिहिलं की आधीचा आनंद पुसला जातो आणि लक्षात राहतो तो फक्त नकाराचा सूर. आनंदाचं वाक्य पूर्ण करा, पूर्णविराम द्या, आणि मग पुढची गोष्ट स्वतंत्र परिच्छेदात सांगा. तसंच नुसतं “विचार करून सांगते” असंही लिहू नका. ज्यांना नोकरी नकोय पण तोंडावर सांगवत नाही अशी माणसं हे इतक्या वेळा म्हणतात की एचआरच्या कानाला ते नकारासारखंच लागतं. “पत्र मिळाल्यावर दोन दिवसांत उत्तर देईन” यात विचाराची मुदत तितकीच आहे, तरी ते ठाम वाटतं, कारण दिवस मोजून दिले आहेत.

शेवटचं वाक्य या मेलचा कणा आहे. एचआरला मंजुरीसाठी वरती जाताना सांगायला हवं असतं की “उमेदवार येणार आहे”, आणि हे वाक्य त्यांना तेवढं देतं. तुमच्याकडून मात्र यात अट शाबूत राहते : अटी बोलल्याप्रमाणे आल्या तर. म्हणून फोनवरच्या बोलण्याचा गोषवारा वरती लिहिणं गरजेचं आहे, नाहीतर “बोलल्याप्रमाणे” म्हणजे काय, हेच उद्या ठरणार नाही. त्यांनी तो गोषवारा वाचून “बरोबर” एवढं उत्तर दिलं तरी तुमच्या हातात पत्राआधीच काहीतरी लेखी आलं. ते पत्राची जागा घेत नाही, म्हणून त्यावर राजीनामा देऊ नका. पण पत्रात वेगळं काही आलं तर दाखवायला उपयोगी पडतं.

मेल पाठवल्यावर एचआरचा फोन येईलच, आणि त्यात पुन्हा “म्हणजे हो समजू ना?” असं विचारतील. तेव्हा गडबडू नका. म्हणा, “माझ्या बाजूने इच्छा पक्की आहे. मेलमध्ये लिहिलंय तसं पत्र आलं की लगेच कळवते. पत्र साधारण कधीपर्यंत निघेल?” शेवटचा प्रश्न विसरू नका. त्याच्या उत्तरावरून मंजुऱ्या कुठवर आल्यात ते कळतं. “बुधवारपर्यंत” हे ठोस उत्तर आहे. “प्रोसेस चालू आहे” म्हणजे बहुधा कोणाची तरी सही राहिली आहे.

सांगितलेला दिवस उलटून दोन कामकाजाचे दिवस गेले तर एक छोटा मेल पुन्हा करा, तोही तारखेला बांधून : “पत्र या आठवड्यात मिळालं तर सोमवारी राजीनामा देऊन त्यानंतर ६० दिवसांनी रुजू होता येईल.” त्यात तक्रारीचा सूर नको. तरीही शांतताच राहिली, किंवा “आधी राजीनामा देऊन त्याची प्रत पाठवा, मग पत्र देतो” असं कोणी म्हणालं, तर तिथे थांबा. मंजुरीला वेळ लागणं मी समजू शकते. पण ज्या कंपनीला चार ओळींचा अधिकृत मेलही पाठवता येत नाही आणि तरी तुम्ही आजची नोकरी सोडावी असं वाटतं, ती सगळी जोखीम तुमच्यावर टाकते आहे. तोपर्यंत इतर कुठे मुलाखती चालू असतील तर त्या बंद करू नका. सही होईपर्यंत कुठलंच दार लावून घेऊ नका.

पत्र आलं की आधी तुमचा मेल उघडा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. फरक दिसला तर तो वाईट हेतूने केला आहे असं धरून चालू नका. “माझ्या मेलला आलेल्या उत्तरात वाढ फिक्स्ड पगारावर होती, पत्रातल्या विभागणीत ती एकूण पॅकेजवर दिसते आहे. हे तपासून सुधारित पत्र पाठवता येईल का?” इतकं पुरतं. सुधारणा फोनवर कबूल झाली तर तेवढ्यावर सही करू नका, सुधारित पत्र येऊ द्या. आणि पत्रावर उत्तराची मुदत छापलेली असते ती पाहा. ती दोन दिवसांपेक्षा कमी असेल तर मुदत वाढवून लेखी मागा, ती आपोआप वाढेल असं गृहीत धरू नका.

पत्राच्या शेवटाकडे छोट्या अक्षरांत एक वाक्य जवळजवळ नेहमी असतं : ही ऑफर बॅकग्राउंड चेक, आधीच्या नोकरीची खातरजमा किंवा वैद्यकीय तपासणी यांवर अवलंबून राहील. म्हणजे सही झाली तरी ती ऑफर अजून सशर्तच आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर याच वाक्यात अडकलेलं आहे, म्हणून त्यावर एचआरला दोन गोष्टी विचारा. तपासणी कधी सुरू होऊन कधी संपेल, आणि मी राजीनामा देईपर्यंत माझ्या आत्ताच्या ऑफिसात कोणालाही फोन जाणार नाही ना. दुसरी विनंती अगदी नेहमीची आहे. आधीच्या नोकऱ्यांची चौकशी आधी आणि सध्याच्या नोकरीची तुम्ही राजीनामा दिल्यावर, असा क्रम बहुतेक ठिकाणी मान्य होतो.

सध्याच्या ऑफिसात तुम्ही सांगायचं ते तुमची सही असलेलं पत्र त्यांना मिळाल्याचं उत्तर हाती आल्यावर, आणि शक्य असेल तर सध्याच्या नोकरीची चौकशी सोडून बाकीची तपासणी पूर्ण झाल्यावर. तपासणीला बरेच दिवस लागणार असतील तर एचआरला विचारा की तोवरचे दिवस रुजू होण्याच्या तारखेत धरता येतील का. त्यांनी नाही म्हटलं तर तुमच्या कागदपत्रांत अडकण्यासारखं काही आहे का, हे तुम्हालाच सगळ्यात चांगलं ठाऊक असतं. जुन्या नोकरीच्या तारखा, पदाचं नाव, पदवी, सगळं तुम्ही अर्जात लिहिल्याप्रमाणे असेल तर सहीनंतर राजीनामा द्यायला हरकत नाही. एखादी तारीख इकडेतिकडे असेल तर ती एचआरला आधी सांगून मोकळ्या व्हा, आणि त्यांचं उत्तर आल्यावरच आत्ताच्या साहेबांच्या केबिनचं दार ठोठवा.